बारा भाषांवर उभा राहिलेला नियम: समीक्षेत नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: मॅडम, एका जर्नलनं पहिल्यांदाच माझ्याकडे पेपर रिव्ह्यूसाठी पाठवलाय. लेखकाने बाराएक भाषा घेऊन नवा सार्वत्रिक भाषिक नियम सापडल्याचा दावा केलाय, एकही अपवाद नाही म्हणतो. मला ते पटत नाही, पण ‘नमुना छोटा आहे’ एवढंच लिहून भागेल का? अहवालात काय आणि कसं लिहू?

उत्तर:

नाही भागणार, आणि हे मी स्वतः पोळून शिकले आहे. माझ्या सुरुवातीच्या एका अहवालात मी नेमकं हेच वाक्य लिहिलं होतं: नमुना फार छोटा आहे, भाषा वाढवाव्यात. चार महिन्यांनी पेपर परत आला. बाराच्या वीस भाषा झाल्या होत्या, वाढलेल्या आठही त्याच पट्ट्यातल्या होत्या, आणि सोबतच्या पत्रात ‘समीक्षकांच्या सूचनेनुसार नमुना जवळपास दुप्पट केला आहे’ असं मोठ्या समाधानाने लिहिलं होतं. आता काय बोलणार? मागितलं ते मिळालं होतं.

तुमच्याकडच्या पेपरातला दावा तुम्ही सांगितला नाहीत, ते बरं केलंत, सांगूही नका. मी माझ्याकडे आलेल्या एका जुन्या पेपरचं उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून भाषांची यादी थोडी बदलली आहे, दुखणं तेच ठेवलं आहे.

दावा असा होता: ज्या भाषेत कर्म क्रियापदाच्या आधी येतं आणि षष्ठीचं पद नामाच्या आधी येतं, त्या भाषेत विशेषणही नामाच्या आधीच येतं. म्हणजे ‘आंबा खाल्ला’ आणि ‘आईचं घर’ असा क्रम असेल, तर ‘मोठं घर’ असणारच, ‘घर मोठं’ असा क्रम नसणार. पुरावा म्हणून बारा भाषा: मराठी, हिंदी, बंगाली, कन्नड, तमीळ, तेलुगू, तुर्की, मंगोलियन, कोरियन, जपानी, अम्हारिक आणि क्वेचुआ. बाराच्या बारा नियमात बसतात. वर कारणमीमांसाही होती, की अशा भाषांमध्ये आधी विस्तार आणि मग मुख्य शब्द असा मेंदूचा कल असतो. वाचायला छान वाटतं, मराठी माणसाला तर फारच, कारण आपल्या कानाला ते अगदी स्वाभाविक वाटतं.

मी सर्वात आधी ही यादी कागदावर दोनदा पुन्हा मांडली: एकदा कुळांप्रमाणे, एकदा नकाशाप्रमाणे. कुळांप्रमाणे मांडली तर मराठी, हिंदी, बंगाली एका घरच्या. कन्नड, तमीळ, तेलुगू दुसऱ्या घरच्या. म्हणजे बारा भाषांची कुळं झाली आठ. मराठीत विशेषण नामाआधी आणि हिंदीतही नामाआधी, ही दोन निरीक्षणं नव्हेत. दोघींनी ती सवय एकाच माहेराहून आणली आहे. नकाशाप्रमाणे मांडली तर आणखी पंचाईत. बारापैकी दहा भाषा युरेशियातल्या, अनातोलियापासून जपानपर्यंतच्या सलग प्रदेशातल्या. मरी एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे असं मांडलं, तेव्हापासून आपल्याला हे पाठ आहे की शेजारी राहणाऱ्या भाषा कुळ वेगळं असलं तरी एकमेकींच्या सवयी उचलतात. मराठी आणि कन्नड यांना स्वतंत्र साक्षीदार म्हणणं म्हणजे शेजारच्या दोन घरांनी सांगितलेली एकच ऐकीव गोष्ट दोनदा मोजणं. उरल्या आफ्रिकेतली अम्हारिक आणि दक्षिण अमेरिकेतली क्वेचुआ. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि उत्तर अमेरिका इथली एकही भाषा नाही.

आता हे अहवालात आकड्यात दाखवायचं, कारण ‘भाषा स्वतंत्र नाहीत’ हे वाक्य लेखक सहज झटकून टाकतो. हिशेब सोपा आहे. ‘एकही अपवाद सापडला नाही’ याचा अर्थ ‘अपवाद नाहीत’ असा होत नाही. जगात अपवादांचं प्रमाण किती असूनही नमुन्यात एकही न सापडण्याची शक्यता 5 टक्के उरते, ते काढायचं. बारा भाषा खरोखर स्वतंत्र असत्या, तर ही वरची मर्यादा सुमारे 22 टक्के येते. आठच स्वतंत्र धरल्या तर सुमारे 31 टक्के. आणि युरेशियाचा सलग पट्टा, इथिओपिया व अँडीज असे तीनच स्वतंत्र साक्षीदार मानले, तर 63 टक्के. म्हणजे या नमुन्याच्या जोरावर लेखकाला जास्तीत जास्त एवढंच म्हणता येतं, की निम्म्याहून अधिक भाषा नियम मोडत असतील तरी माझा डेटा त्याला नाही म्हणणार नाही. ही एक ओळ दहा ओळींच्या उपदेशापेक्षा जास्त काम करते.

यावर लेखकाचं ठरलेलं उत्तर येतं: भाषावैज्ञानिक जोसेफ ग्रीनबर्ग यांनीही सार्वत्रिक नियमांवरच्या 1963 च्या त्या प्रसिद्ध निबंधात 30 च भाषा घेतल्या होत्या आणि 45 नियम मांडले होते. हे उत्तर येणार हे धरूनच लिहा. एक तर ग्रीनबर्गनी तो नमुना सोयीने निवडला असल्याचं स्वतःच कबूल केलं होतं. दुसरं, त्यांच्या 30 मध्ये योरुबा, वेल्श, थाई, माओरी, झापोटेक अशा एकमेकींपासून लांबच्या भाषा होत्या. तिसरं, त्यांच्या पहिल्याच नियमात ‘जवळजवळ नेहमी’ हे शब्द आहेत: कर्ता कर्माच्या आधी येतो, जवळजवळ नेहमी. ते शब्द किती शहाणपणाचे होते हे 1977 मध्ये कळलं, जेव्हा ब्राझीलमधल्या हिश्कार्याना या भाषेत कर्म-क्रियापद-कर्ता हा क्रम सर्वसाधारण असल्याचं डर्बीशायर यांनी दाखवलं. तोवर कर्माने वाक्य सुरू होणारी भाषा नसतेच, असं अनेकजण धरून चालले होते. आज ‘वर्ल्ड अॅटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’मध्ये या क्रमाच्या 1376 पैकी 11 भाषा नोंदल्या आहेत. बारा भाषा चिठ्ठ्या टाकून निवडल्या तर त्यातली एकही हाती न लागण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या वर आहे. शंभर निवडल्या तरी ती जवळपास 45 टक्के राहते. ‘अपवाद नाही’ हा शब्दप्रयोग किती महाग पडतो ते यावरून दिसतं.

परत आपल्या पेपरकडे. दुसरा दोष मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो, आणि नवे समीक्षक तो हमखास सोडून देतात. बाराही भाषा कर्म-क्रियापद क्रमाच्याच आहेत. ‘अमुक असेल तर तमुक असतं’ हा दावा तपासायला चार कप्पे लागतात: अमुक आहे नि तमुक आहे, अमुक आहे पण तमुक नाही, अमुक नाही पण तमुक आहे, दोन्ही नाहीत. लेखकाने फक्त पहिला कप्पा भरला आणि दुसरा रिकामा असल्याचं दाखवलं. उरलेले दोन कप्पे उघडलेच नाहीत. एवढ्यावर विशेषणाच्या जागेचा कर्माच्या जागेशी काही संबंध आहे हे कळतच नाही. असं तर ‘ज्या भाषेत कर्म आधी येतं, तिच्यात स्वर असतात’ हाही बिनअपवादाचा नियम झाला.

मग चारही कप्पे भरून पाहू. त्याच अॅटलसमध्ये कर्म आधी असणाऱ्या भाषांपैकी सुमारे 215 मध्ये विशेषण नामाआधी येतं, आणि सुमारे 330 मध्ये नामानंतर. थांबून हे आकडे पुन्हा वाचा. लेखक ज्याला सार्वत्रिक म्हणतो तो अल्पमतातला प्रकार आहे. (त्याची षष्ठीची अट या आकड्यांत धरलेली नाही; तिच्याकडे पुढे येते.) क्रियापद आधी असणाऱ्या भाषांमध्ये ते प्रमाण सुमारे 115 ला 455 असं आहे. आता इथे एक फसवी जागा आहे, म्हणून सांगते: 39 टक्के विरुद्ध 20 टक्के असे नुसते आकडे पाहिले तर काहीतरी संबंध असल्यासारखं वाटतं. मॅथ्यू ड्रायर यांनी 1992 मध्ये 625 भाषांचा हिशेब मांडला तो नेमका याच सापळ्यासाठी. त्यांनी भाषा सुट्या मोजल्या नाहीत. जवळच्या नात्यातल्या भाषांचे गट केले आणि ते गट जगाच्या एकेका भूभागात वेगळे मोजले. तसं केल्यावर शब्दयोगी अव्ययांची जागा कर्माच्या जागेशी घट्ट बांधलेली निघाली आणि विशेषणाची निघाली नाही. कर्म आधी असलेल्या भाषांत विशेषणही आधी, ही प्रामुख्याने युरेशियाची लकब. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात तिला जगाचा नियम समजलं गेलं होतं, आणि ती समजूत मोडून निघाल्याला बरीच वर्षं झाली आहेत. म्हणजे आपल्या लेखकाचा दावा नवाही नव्हता.

एक आकडा मी त्या अहवालात मुद्दाम घातला होता. कर्म आधी असलेल्या भाषांपैकी साधारण 40 टक्क्यांमध्ये विशेषण आधी येत असेल, तर चिठ्ठ्या टाकून उचललेल्या बारा भाषांमध्ये बाराही तशाच निघण्याची शक्यता साठ हजारांत एक आहे. लेखकाच्या हाती ही साठ हजारांतली चिठ्ठी योगायोगाने लागली नव्हती. ज्या भाषांची व्याकरणं त्याच्या कपाटात होती त्या भाषा त्याने घेतल्या, आणि ते कपाट युरेशियाचं होतं. यात लबाडी नाही. पण नमुना कसा निवडला याचा परिच्छेद पेपरात नसेल तर तो मागा, आणि ‘व्याकरण हाताशी होतं म्हणून’ हे खरं कारण असेल तर तेच छापायला लावा.

आता षष्ठीची अट. ‘माझा दावा फक्त षष्ठी आधी येणाऱ्या भाषांपुरता आहे, ते जुने आकडे मला लागू नाहीत’ असं लेखक म्हणू शकतो, आणि ते म्हणणं रास्त आहे. म्हणून अहवालात निदान एक भाषा नावानिशी द्या जिच्यात त्याच्या सगळ्या अटी पुऱ्या होतात आणि निष्कर्ष चुकतो. मी बास्क दिली. ‘गिसोनारेन एचेआ’ म्हणजे माणसाचं घर, षष्ठी आधी. ‘गिसोनाक लिबुरुआ इराकुर्री दु’, माणसाने पुस्तक वाचलं आहे, कर्म आधी, आपल्यासारखंच. आणि मोठं घर? ‘एचे हांदी’. घर मोठं. तिबेटीतही षष्ठी आधी, कर्म आधी, आणि ‘खांगपा छेन्पो’, घर मोठं. गंमत म्हणजे बास्क ही ग्रीनबर्गच्या त्या तीसच्या यादीतच आहे. ज्याचा आधार लेखक देत होता, त्याच नमुन्यात त्याचा अपवाद पन्नासेक वर्षं बसून होता. ‘नमुना छोटा आहे’ ही तक्रार अपुरी का, ते इथे दिसेल: तीस भाषांचा नमुनासुद्धा हा दावा पाडायला पुरेसा होता, कारण तो पसरलेला होता.

अपवाद दिल्यावर एक गोष्ट घडेल, तिची तयारी आधीच ठेवा. सुधारित पेपरात लेखक त्या भाषेला वगळण्याचं कारण शोधून आणतो. बास्क कुळाविना एकटी आहे म्हणून, तिबेटीत विशेषणं मुळात वेगळ्या प्रकारची आहेत म्हणून. कारण खरंही असू शकतं. पण मग तेच कारण तुमच्या बारा भाषांनाही लावून दाखवा, अशी अट अहवालातच घालून ठेवा. तशी ती लावली की काय होतं ते पाहण्यासारखं आहे.

कोरियनमध्ये ‘मोठं’ हा शब्द मुळात क्रियापदासारखा चालतो. त्याला काळाचे प्रत्यय लागतात, आणि नामाआधी तो येतो तो आपल्या ‘धावणारा घोडा’मधल्या ‘धावणारा’सारखं रूप घेऊन. तेव्हा कोरियनमध्ये विशेषण नामाआधी येतं असं नोंदवताना लेखकाने खरं तर विशेषण-वाक्य नामाआधी येतं हेच नोंदवलं. विशेषणं वेगळ्या प्रकारची म्हणून तिबेटी जाणार असेल, तर कोरियनही जाईल. आणि आपल्या मराठीत तर दुसरीच भानगड. ‘मोठं घर, मोठी साडी, मोठा वाडा’ आणि ‘आईचं घर, आईची साडी, आईचा वाडा’. ‘-चा’ लागलेलं षष्ठीचं रूप नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, अगदी विकारी विशेषणासारखं. शाळेच्या व्याकरणातही त्याला विशेषणासारखंच वागवतात. हिंदीच्या का-की-केचंही तसंच. मग ‘षष्ठी आधी असेल तर विशेषणही आधी’ हे मराठी-हिंदीपुरतं म्हणणं म्हणजे ‘विशेषण आधी असेल तर विशेषण आधी’ असं म्हणण्याच्या फार जवळ जातं. लेखक जिला पुरावा म्हणत होता ती नोंद, निदान या दोन भाषांत, त्याच्या व्याख्येतूनच आपोआप आलेली होती. म्हणून व्याख्या अर्थावरून करायला सांगा: मोठं, लहान, चांगलं, नवं, जुनं अशा अर्थाचे शब्द, त्या-त्या भाषेत ते व्याकरणाने काहीही असोत, नामाच्या कोणत्या बाजूला येतात. सगळ्या भाषांना एकच फूटपट्टी. हा मुद्दा बहुतेक अहवालांत दोन ओळींत उरकला जातो. मी त्याला अर्धं पान देते, कारण नमुना कितीही सुधारला तरी ही चूक तशीच राहते.

डेटाची पडताळणीही थोडी करा. बाराही भाषा तपासायची गरज नाही. मी स्वतःला येणारी एक आणि अजिबात न येणारी एक, अशा दोन निवडून मूळ व्याकरण उघडून पाहते. तक्त्यात व्याकरणाचं पान क्रमांकासह नोंदलेलं नसेल तर ती त्रुटी म्हणून लिहायची. एका भाषेला एकच माहितगार आणि त्याच्याकडून इंग्रजी वाक्यांची भाषांतरं करून घेतलेली असतील, तर इंग्रजीचा ‘big house’ क्रम उत्तरात झिरपण्याची शक्यता असते, तेही विचारा.

राहता राहिली शिफारस. इथे दोन टोकं टाळा. पियांटाडोसी आणि गिब्सन यांनी 2014 मध्ये हिशेब करून दाखवलं, की बिनअपवादाचा दावा आकडेवारीने टिकवायचा तर काहीशे स्वतंत्र भाषा लागतात. त्याचा हवाला देऊन ‘पाचशे भाषा आणा’ असं लिहिणारे समीक्षक असतात. एकट्या संशोधकाला ते हाताने जमण्यासारखं नाही, आणि जगात एवढ्या परस्परांपासून स्वतंत्र भाषा सापडतील का हाच वाद आहे. उलट आज ग्रॅमबँकसारख्या संग्रहात 2467 भाषा-बोलींची माहिती 195 मुद्द्यांवर खुली आहे. लेखकाचा मुद्दा त्यात असेल तर तपासायला काही आठवडे पुरतात. त्याच माहितीवर 2025 मध्ये पूर्वी मांडले गेलेले 191 नियम कुळ आणि शेजार दोन्ही जमेस धरून तपासले गेले, तेव्हा साधारण एक तृतीयांशच टिकले. नव्या नियमाने निदान त्या परीक्षेला बसावं, ही मागणी अवाजवी नाही.

माझ्या अहवालाचा गाभा साधारण असा होता, हवा तर साचा म्हणून वापरा: ‘हा दावा सार्वत्रिक नियम म्हणून टिकत नाही, कारण बास्क आणि तिबेटी त्याच्या सर्व अटी पूर्ण करूनही तो मोडतात. नमुन्यातील दहा भाषा एकाच सलग क्षेत्रातील असल्याने सध्याचा पुरावा क्षेत्रीय प्रभावापासून वेगळा काढता येत नाही. लेखकाने (अ) विशेषणाची अर्थाधिष्ठित व्याख्या द्यावी, (आ) क्रियापद-कर्म क्रमाच्या भाषांसह चारही कप्पे भरावेत, (इ) ते प्रत्येक भूभागासाठी वेगळे दाखवावेत. (इ) मधल्या भूभागवार हिशेबात दावा टिकला नाही, तर शीर्षकातून आणि सारांशातून “सार्वत्रिक” हा शब्द काढावा.’ प्रत्येक मागणी अशी हवी की ती पुरी झाली की नाही हे तुम्हाला दुसऱ्या फेरीत पाच मिनिटांत पाहता यावं.

शिफारस मी ‘नकार, पण नव्याने सादर करण्यास हरकत नाही’ अशी केली, आणि फक्त संपादकांसाठी असलेल्या चौकटीत दोन ओळी जास्त लिहिल्या: पेपरातला मराठी-कन्नड-तेलुगूचा डेटा स्वच्छ आहे, सार्वत्रिकतेचा हट्ट सोडला तर यातून चांगला क्षेत्रीय अभ्यास निघेल. त्यासाठी लेखकाला एक दिशाही सुचवली होती. हिमालयाच्या आसपास हा क्रम मोडतो. तिबेटीत विशेषण नंतर येतं, पण तिच्याच कुळातल्या, शतकानुशतकं भारतीय-आर्य भाषांच्या शेजारात राहिलेल्या काठमांडू खोऱ्यातल्या नेवारीत आधी येतं. ही सीमारेषा नेमकी कुठून जाते, हा प्रश्न बारा-पंधरा भाषांमध्ये खरोखर सोडवता येतो.

सुधारित पेपर हातात पडेल तेव्हा प्रस्तावना वाचू नका. आधी तक्ता उघडा आणि वाढवलेल्या भाषा नकाशावर कुठे पडतात ते पाहा, मग ‘वगळलेल्या भाषा’ अशी काही तळटीप आलीय का ते शोधा. माझ्या त्या वीस भाषांच्या पेपरात ती होती, सातव्या पानावर, बारीक टायपात, आणि तिच्यात बास्क होती.